जूनमधल्या मासळीचे ८४,००० रुपये

कळंगुटच्या एका हॉटेलात मी हिशेब बघतो. जूनच्या मासळीचं बजेट होतं २,४०,००० रुपये, खर्च झाला ३,२४,०००. मालकांना कारण हवं होतं. ‘भाव वाढले’ एवढ्यावर ते गप्प बसणार नाहीत हे माहीत होतं, आणि खरं तर बसूही नये.

बजेटात २,००० ताटं, ताटामागे २०० ग्रॅम मासळी आणि ६०० रुपये किलोचा दर धरला होता. प्रत्यक्षात ताटं गेली २,१००, मासळी लागली ४५० किलो आणि दर पडला ७२०. म्हणून आधी बजेट खऱ्या गिऱ्हाइकावर आणलं. २,१०० ताटांना ४२० किलो लागणारच होती. हे वरचे २० किलो, म्हणजे १२,००० रुपये, धंदा वाढल्याचे. त्यांची विक्रीही जमेला आहे. उरलेले ३० किलो जास्त वापराचे, १८,०००. आणि ४५० किलोंवर किलोमागे १२० रुपये जास्त, ते ५४,०००. बेरीज बरोबर ८४,०००.

आता दर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा इसवण महागणार हे इथलं पोरही सांगेल. पण बजेटात वर्षाचा सरासरी दर बाराही महिन्यांना सारखाच लावला होता. गेल्या वर्षीच्या जूनची बिलं काढली तर दर ६९० निघाला. म्हणजे ५४,००० पैकी ४०,५०० हा निव्वळ मोसमाचा फरक. हंगाम सुरू होऊन भाव उतरले की तो भरून निघायला हवा. खरी भाववाढ १३,५०० ची.

३० किलोंचा आळ मात्र शेफवर येत होता. ते म्हणाले, “साहेब, पेटी वितळवून वजन करा ना.” केलं. बंदीच्या दिवसांत माल बहुतेक गोठवलेला येतो, वर बर्फाचा थर असतो आणि आपण पैसे मोजतो ते बर्फासकट वजनाचे. १० किलोंच्या पेटीतून मासळी निघाली ९.२ किलो. महिन्यात अशा ३० पेट्या आल्या होत्या, तेव्हा २४ किलो बर्फच! राहिलेल्या ६ किलोंचं कारण मला सापडलं नाही; अहवालात तसंच लिहिलं. ओढूनताणून कारण जोडण्यापेक्षा ते बरं.

बैठकीत मालकांनी विचारलं, “मग बजेटच सुधारून टाकायचं का?” मी नको म्हटलं. मूळ आकडा हलवला की पुढच्या महिन्यात तुलना कशाशी करायची? त्याऐवजी वर्षाअखेरचा अंदाज शेजारच्या रकान्यात दिला. त्यात १३,५०० रुपयांची भाववाढ कायम धरली, मोसमाचे ४०,५०० धरले नाहीत. पुरवठादाराला बर्फ वगळून वजन लावायला सांगितलंय. तो अजून घासाघीस करतोय.