तुम्ही विचारलंत म्हणून: महापालिकेला स्वतःचा कर कशाला?

‘जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी गेला, त्याची भरपाई सरकार दर महिन्याला देतंच. मग महापालिकेला आणखी स्वतःचा कर कशाला हवा?’

नोकरी सगळी एका महापालिकेच्या लेखा विभागात गेली, त्यामुळे लग्नात, बसमध्ये, कुठेही भेटलं की माणसं हेच विचारतात. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘तुम्हाला जकात नाके परत हवेत का?’ नाही, नाके नकोत. ट्रकांच्या रांगा, किंमत कमी दाखवलेली बिलं, शहरातून नुसत्या पुढे जाणाऱ्या गाडीचीही अडवणूक, हे मी जवळून पाहिलंय. जकात बंद होऊन एलबीटी आला तेव्हा मी मनापासून खूश होतो. नाक्याऐवजी व्यापाऱ्याने खरेदीच्या हिशेबावर महिन्याला कर भरायचा, ही रचना मला आजही जकातीपेक्षा बरी वाटते. व्यापाऱ्यांनी २०१३ मध्ये बंद पाळले, कारण व्हॅटचे अधिकारी होतेच, त्यात पालिकेचेही दप्तर तपासायला येणार. ती भीती खोटी नव्हती.

पण जकातीत एक गोष्ट होती, ती कुणी बोलत नाही. पैसा रोज यायचा. सकाळी टेबलावर आदल्या दिवसाचा नाकेनिहाय भरणा असायचा आणि त्यावरून दहा तारखेला काय देता येईल हे सांगता यायचं. एलबीटीत रोजचं महिन्यावर गेलं, तरी पैसा आपल्याच शहरातून येत होता. १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला पन्नास कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला, म्हणजे जवळजवळ सगळ्याच व्यापाऱ्यांचा. बदल्यात अनुदान आलं.

त्यानंतरचा एक महिना माझ्या डोक्यातून जात नाही. अनुदान लांबलं होतं. समोर पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल, कंत्राटी सफाई कामगारांची मजुरी, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीच्या फायली. पंप थांबवता येत नाहीत, म्हणून वीजबिल पहिलं. मजुरी दुसरी. मग पेन्शन. ग्रॅच्युइटी शेवटी, कारण ती नाही दिली तर त्या दिवशी शहरात काहीच बंद पडत नाही. यादी मीच लावली आणि आज लावली तरी तशीच लावेन.

आमच्याकडून निवृत्त झालेल्या एक सफाई कामगार मावशी नातवाला घेऊन आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. ‘साहेब, तारीख सांगा. पैसे उशिरा चालतील, पण तारीख सांगा.’ मी म्हटलं, ‘अनुदान आलं की देतो.’ त्यांनी विचारलं, ‘झाडू तर इथेच मारला ना, मग पैसे मुंबईहून का यायचे?’ पूर्वी मी भरणा पाहून पंधरा तारीख किंवा वीस तारीख असं सांगू शकायचो. त्या दिवशी माझ्याकडे तारीखच नव्हती.

जीएसटी आला आणि मालाच्या प्रवेशावर कर घेण्याचा अधिकार राज्यघटनेतूनच गेला. भरपाईचा कायदा झाला: २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून दरवर्षी आठ टक्के वाढ. पायाचे शंभर रुपये पाच वर्षांनी सुमारे १४७ होतात. वाईट नाही, मी मान्य करतो. पण शहराच्या कडेला नवी वसाहत उभी राहो किंवा जुने कारखाने बंद पडोत, आकडा तोच. व्यापार वाढला की रस्ते, पाणी, कचरा आमच्यावर. त्या वाढीतलं आमच्याकडे काही नाही.

‘व्यवसाय कर आहे की,’ असं काही जण म्हणतात. पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात ते महाराष्ट्रात राज्याकडे जातात, पालिकेकडे नाही. तमिळनाडू आणि केरळमध्ये तो स्थानिक संस्था घेतात. वर्षाची २५०० रुपयांची मर्यादा राज्यघटनेने १९८८ मध्ये घातली, ती अजून तीच. तीस हजार पगाराचा कारकून आणि कोटी कमावणारा सल्लागार एकच रक्कम भरतात. ही मर्यादा वाढवून कर पालिकेला दिला, तर ट्रक न थांबवता शहराच्या रोजगाराशी जोडलेलं उत्पन्न मिळेल. माझं म्हणणं इतकंच आहे.

‘आधी मालमत्ता कराची थकबाकी वसूल करा,’ हे उत्तर मला मिळतं आणि ते खरं आहे. आम्ही ती वर्षानुवर्षं राहू दिली, कारण मतदाराच्या दारावर नोटीस चिकटवायला कुणी तयार नसतं. पण म्हणून दुसऱ्या कराची गरज संपत नाही. मालमत्ता कर इमारतीवर बसतो, आतल्या धंद्यावर नाही.

एका प्रश्नावर मात्र मी अडतो. ज्या शहरात नोकऱ्याच कमी, तिथे व्यवसाय कराचं उत्पन्न आठ टक्क्यांनीही वाढणार नाही. त्या शहराचा लेखापाल मला म्हणेल, तुमचा कर तुमच्याकडे ठेवा, आम्हाला भरपाईच बरी. त्याला काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.