आमची वाटचाल : हिरव्या रस्त्यावर तुटलेला कॉल

मोबाइल कंपन्यांसाठी गाडीतून नेटवर्क तपासायला लागलो, तेव्हा सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. एक गाडी, एक लॅपटॉप, छतावर जीपीएस आणि डॅशबोर्डवर चाचणीचे दोन फोन. एका फोनवर दीड-दोन मिनिटांचे कॉल पुन्हा पुन्हा लागायचे, दुसऱ्यावर एकच कॉल फेरीभर चालू ठेवायचा. फोन दर क्षणी सिग्नलची ताकद म्हणजे आरएसआरपी, त्याची स्वच्छता म्हणजे एसआयएनआर आणि कोणत्या सेलवर, म्हणजे टॉवरवरच्या कोणत्या अँटेनाच्या टप्प्यात आहोत ते नोंदवत जाई. संध्याकाळी रंगीत नकाशा तयार, जोराचा सिग्नल हिरवा, कमजोर लाल. तो नकाशा देणं हेच आमचं काम, असं आम्ही मानत होतो.

एका फोर-जी नेटवर्कच्या कामाने ही समजूत मोडली. कॉल दर फेरीला एकाच वळणावर तुटत होता आणि तिथे नकाशा हिरवागार होता. जुना सेल −९८ डीबीएमवर उतरलेला, समोरचा २१७ क्रमांकाचा सेल −८४ वर, म्हणजे जास्त जोरात. फोनने त्या सेलकडे जायला हवं होतं, पण तिथेच कॉल जात होता. उलट दिशेने गाडी नेली तर काहीच बिघडत नसे. हा फरक मला रात्रभर छळत राहिला.

मग रंग सोडून फोन आणि टॉवर यांच्यातल्या संदेशांची नोंद ओळीने वाचली. फोनने '२१७ जोरात आहे' असा अहवाल पाठवला होता, टॉवरकडून 'तिकडे जा' हा आदेशही आला होता. त्यानंतर फोन नव्या सेलला हाका मारत राहिला, उत्तर आलं नाही. आदेशाबरोबर सुरू झालेला T304 नावाचा टायमर संपला. पुन्हा जोडून घेण्यासाठी फोनने विनंती केली, तिच्यात कारण होतं `handoverFailure`, म्हणजे हँडओव्हर, एका सेलवरून दुसऱ्यावर जाणं, फसलं. ती नाकारली गेली आणि कॉल तुटला.

आदेश पोचला होता, म्हणजे सिग्नल दोषी नव्हता. ग्राहकाकडून जुन्या सेलच्या शेजाऱ्यांची, म्हणजे तिथून फोन ज्यांच्याकडे सोपवता येतो त्या सेलची यादी मागवली. त्यात २१७ होता, पण तो नऊ किलोमीटरवरचा दुसराच सेल! असे क्रमांक ० ते ५०३ एवढेच असल्याने ते पुन्हा वापरावे लागतात. वळणावरच्या नव्या टॉवरला तोच क्रमांक मिळाला होता. जुन्या टॉवरने दूरच्या सेलला जागा राखायला सांगितली, त्याने राखली, आणि फोन मात्र जवळच्याच्या दारात उभा. उलट दिशेच्या हँडओव्हरमध्ये ही गफलत नव्हती. नव्या सेलचा क्रमांक बदलल्यावर आम्ही दहा फेऱ्या मारल्या, एकही कॉल तुटला नाही.

गाडीतून आपल्याला फक्त फोनची बाजू दिसते, तीही रस्त्यापुरती. घरात तुटणारे कॉल त्यात येत नाहीत. म्हणून आता ग्राहकाची शेजारी-यादी हातात असल्याशिवाय आम्ही गाडी काढत नाही, आणि अहवालात प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे शेवटच्या दहा सेकंदांचे संदेश जोडतो.