अण्णांची उधारीची वही

सोलापुरात गड्डा यात्रेचे दिवस होते. नवी पेठेतल्या माझ्या ऑफिसात सकाळी फारसं कुणी येत नाही, त्यामुळे साडेदहालाच अण्णा दारात दिसले तेव्हा मला जरा आश्चर्य वाटलं. अण्णांचं साखर पेठेत सुताचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी यंत्रमागवाल्यांना चादरीचं, टॉवेलचं सूत पुरवलं. माझे वडील त्यांच्याकडे दिवाणजी होते. त्यामुळे मी गुंतवणूक सल्लागार झालो तरी अण्णा मला अजून ‘अरे-तुरे’च करतात, आणि ते मला बरंच वाटतं.

त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच मोबाईल पुढे केला. ‘हे बघ. पावणेबारा टक्के. दर महिन्याला व्याज. सिक्युअर्ड आहे, लिस्टेड आहे, रेटेडपण आहे. वीस लाखांची एफडी परवा सुटतेय. सगळी इथंच टाकू म्हणतोय.’

वाहन-कर्ज आणि छोट्या व्यापाऱ्यांना कर्ज देणाऱ्या एका खासगी फायनान्स कंपनीचे ते बाँड होते, मुदत सव्वादोन वर्षं. जाहिरातीत ‘११.७५%’ बोटभर उंचीच्या अक्षरात होतं आणि रेटिंग खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं. ट्रिपल बी.

‘रेटिंग काय आहे, बघितलं का अण्णा?’

‘बी तीन वेळा आहे की. म्हणजे चांगलंच ना?’

हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की आता दचकत नाही, पण काळजी दर वेळी तेवढीच वाटते. ट्रिपल ए सगळ्यात वर, त्याखाली डबल ए, मग ए, मग ट्रिपल बी, डबल बी, बी, सी, आणि शेवटी डी, म्हणजे पैसे द्यायला चुकलेली कंपनी. मधल्या पायऱ्यांना अधिक-उण्याच्या खुणा. ट्रिपल बीची अधिकृत व्याख्याच ‘मध्यम प्रमाणात सुरक्षित’ अशी आहे. ट्रिपल बी उणेच्या खाली गेलं की गुंतवणुकीयोग्य दर्जा संपतो. म्हणजे अण्णांची कंपनी कड्यापासून दोन पावलांवर उभी होती.

रेटिंग एजन्सीनं दर्जा का दिला त्याची कारणं लिहिलेलं टिपण तिच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतं. त्याला ‘रॅशनाल’ म्हणतात. मी ते उघडलं आणि स्क्रीन अण्णांकडे वळवली. माझी वाचायची रीत ठरलेली आहे. आधी शेवटचं पान, रेटिंगचा इतिहास. सोळा महिन्यांपूर्वी ए उणे. मग ट्रिपल बी अधिक. आता ट्रिपल बी, आणि पुढे ‘आउटलुक निगेटिव्ह’, म्हणजे दर्जा अजून खाली जायची शक्यता. नुसतं अक्षर बघणाऱ्याला कंपनी एका पायरीवर उभी दिसते. इतिहास बघितला की ती जिना उतरतेय हे कळतं. मग ‘लिक्विडिटी’ नावाचा परिच्छेद, म्हणजे येत्या वर्षभरात जेवढं देणं आहे तेवढा पैसा हातात येणार आहे का. तिथं शब्द होता ‘स्ट्रेच्ड’. मराठीत सांगायचं तर ओढाताण.

‘पण सिक्युअर्ड आहे ना?’ अण्णा म्हणाले. ‘काहीतरी तारण असेलच.’

तारण होतं. पण ते काय होतं? कंपनीनं लोकांना जी कर्जं दिली होती, त्यांची येणी. जमीन नाही, इमारत नाही. उद्या टेम्पोवाले आणि दुकानदार हप्ते थकवायला लागले तर कंपनी बुडते आणि त्याच दिवशी, त्याच कारणानं तारणही वितळतं. माझं ठाम मत आहे की ‘सिक्युअर्ड’ हा शब्द जेवढ्या मोठ्या अक्षरात छापतात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात ‘कशावर’ हेही छापायला हवं.

अण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘ठीक. धोका आहे. पण धोक्याचे पैसेपण देतायत ना? तुझी ती ट्रिपल ए सरकारी कंपनी साडेसात देते. इथं सव्वाचार जास्त.’

हा प्रश्न बरोबर होता. जास्त व्याज म्हणजे फसवणूक नव्हे. ती जोखमीची किंमत असते. बघायचं एवढंच, की किंमत पुरेशी आहे का, आणि ती कुणाला पुरते. मी समजवायला गेलो असतो तर अर्धा तास टक्केवारीत गेला असता. पण मला वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. मी विचारलं, ‘अण्णा, तुमची उधारीची जुनी वही आहे का हो अजून?’

त्यांनी नातवाला फोन केला. वीस मिनिटांत तो स्कूटरवरून वही घेऊन आला. लाल कापडी बांधणी, कोपरे झिजलेले, पानांना अजून दुकानाचा वास. प्रत्येक पार्टीच्या नावाशेजारी अण्णांच्या हातची पेन्सिलीची खूण होती. एक टिंब म्हणजे पक्की पार्टी. दोन टिंबं म्हणजे कच्ची, पण चालेल. फुली म्हणजे फक्त रोखीनं.

‘दोन टिंबांना भाव काय लावायचात?’

‘महिन्याच्या उधारीवर किलोमागे आठ आणे जास्त. तेव्हा सूत शंभराच्या आसपास होतं.’

शंभराला आठ आणे म्हणजे महिन्याला अर्धा टक्का, वर्षाला सहा. अण्णांनी स्वतःच्या बाजारात स्वतःच रेटिंग एजन्सी चालवली होती आणि दर्जांमधला फरकही स्वतःच ठरवला होता. ‘अशा किती पार्ट्या होत्या?’

‘चाळीसेक. एकेकाकडे पन्नास हजारांच्या वर उधारी जाऊ द्यायचो नाही.’

मी कागदावर मांडलं. चाळीस पार्ट्या, पन्नास हजार प्रत्येकी, म्हणजे वीस लाख. नेमकी तीच रक्कम. त्यावर वर्षाला सहा टक्के जास्त, म्हणजे एक लाख वीस हजार. वर्षात दोन पार्ट्या पूर्ण बुडाल्या तरी लाख रुपये गेले आणि वीस हजार उरले.

‘बुडायच्याच की,’ अण्णा म्हणाले. ‘एका वर्षी दोन बुडाल्या. बाकीच्या अडतीस जणांच्या आठ आण्यांनी मला तारलं.’

मग मी त्याखाली दुसरं गणित मांडलं. वीस लाखांवर सव्वाचार टक्के म्हणजे वर्षाला पंच्याऐंशी हजार जास्त. कंपनी थकली आणि पुढे रुपयातले पस्तीस पैसे परत आले असं धरलं, तर तेरा लाख गेले. हे पस्तीस पैसे माझा अंदाज आहे. तारण आणि न्यायालयातला वेळ यावर कमी-जास्त होऊ शकतात. तेरा लाख भरून काढायला दर वर्षाचे पंच्याऐंशी हजार किती वर्षं लागतील? पंधरा. आणि बाँडची मुदत सव्वादोन.

उलटं बघितलं तर असं, की अशा पंधरा कंपन्यांपैकी दर वर्षी एक बुडत असेल, तर हा सव्वाचार टक्क्यांचा फरक जेमतेम बरोबरी करतो. त्याहून कमी बुडत असतील तर नफा. पण हा हिशेब ज्याच्याकडे चाळीस बाँड आहेत त्याचा. अण्णांकडे एकच असणार होता. तो एक तर पूर्ण टिकतो किंवा पूर्ण बुडतो. सरासरी त्यांच्या वाट्याला येतच नाही.

करही आहे. वाढीव व्याजावर वीस टक्के कर गेला की पंच्याऐंशीचे अडुसष्ट हजार उरतात, आणि पंधरा वर्षांची एकोणीस होतात. वर मुद्दल बुडालं तर तो तोटा व्याजाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

अण्णांनी कागद हातात घेऊन पुन्हा बेरीज तपासली. सवय. मग म्हणाले, ‘गडबड दिसली तर विकून टाकीन. लिस्टेड आहे म्हणतात ना.’

मी एक्स्चेंजचं पान उघडलं. या बाँडचा शेवटचा व्यवहार अकरा दिवसांपूर्वीचा होता, तोही तीन नगांचा. लिस्टेड म्हणजे दुकान उघडं आहे एवढंच. गिऱ्हाईक असेलच असं नाही. त्या सव्वाचार टक्क्यांतला काही भाग तर याचाच मोबदला असतो, की मधेच बाहेर पडता येणार नाही. आणि गडबड दिसते तेव्हा सगळ्यांनाच दिसते. अनेक फंड आणि ट्रस्टना ठरावीक दर्जाखालचे बाँड ठेवता येत नाहीत, म्हणून दर्जा उतरला की ते सगळे एकदम विकायला निघतात. ज्या दिवशी अण्णांना विकायचं असेल, त्या दिवशी घेणारा कुणी नसेल.

‘मग ट्रिपल ए घेतलं की झोप आली म्हणायची?’

इथं मला प्रामाणिक राहणं भाग होतं. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसचा दर्जा ऑगस्ट २०१८ च्या सुरुवातीला ट्रिपल ए होता आणि सप्टेंबरच्या मध्याला डी. घरकर्ज देणारी डीएचएफएल २०१९ च्या सुरुवातीपर्यंत वरच्या दर्जात होती. जूनमध्ये व्याज थकलं आणि ती डी झाली. तिचा निकाल लागून लोकांच्या हातात पैसे पडायला सप्टेंबर २०२१ उजाडला, तेही पूर्ण नाहीत. एजन्सीला फी बाँड काढणारी कंपनीच देते, हेही विसरता येत नाही. दर्जा हा जाणकाराचा अंदाज आहे, हमी नाही. वरच्या दर्जातही एकाच नावावर सगळं टाकू नये ते एवढ्यासाठीच.

अण्णांनी वही पुढे ओढली आणि पानं उलटत राहिले. एका नावावर बोट ठेवून म्हणाले, ‘याला मी आधी एक टिंब दिलं होतं. मग दोन. मग एकदा त्यानं हुंडी चार दिवस उशिरा भरली, त्या दिवशी फुली मारली. लोक म्हणाले, चार दिवसांनी काय होतंय? सहा महिन्यांत त्याचे माग विकले गेले.’

बाँडमध्येही तसंच आहे, मी सांगितलं. एक दिवस उशीर झाला तरी डी.

दुपारपर्यंत आम्ही वाटणी केली. चौदा लाख दोन ट्रिपल ए सरकारी कंपन्यांच्या बाँडमध्ये, निम्मे-निम्मे. चार लाख दोन बँकांत, कारण ठेवीवर बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा असतो आणि अण्णांना हाताशी पैसा लागतो. उरलेल्या दोन लाखांतून अण्णांना जास्त व्याज हवंच होतं. त्याला मी अडवलं नाही. ए दर्जाच्या, आउटलुक स्थिर असलेल्या चार वेगवेगळ्या धंद्यांतल्या कंपन्या निवडल्या, पन्नास हजार प्रत्येकी. आकडा अण्णांनीच सांगितला.

निघताना त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्या पावणेबारा टक्केवाल्या कंपनीचं नाव लिहिलं आणि शेजारी फुली मारली.

‘यांचं रेटिंग परत कधी तपासतात?’

वर्षातून एकदा तरी, मी म्हणालो, आणि मधे काही घडलं तर लगेच. टिपणावरची तारीख बघून मी महिना सांगितला. अण्णांनी फुलीपुढे तो महिना लिहिला, वही नातवाच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘तेव्हा मला फोन कर.’