रील की माहितीपत्रक?

आमच्या ऑफिसातील ज्युनिअरने आज एक प्रस्ताव मांडला: सध्या सगळीकडे चालणाऱ्या गाण्यावर, घटस्फोटासाठी आलेले पक्षकार पहिल्या भेटीत काय बोलतात, याचे तीस सेकंदांचे रील करू या. हेतू चांगला होता, तरीही मी नकार दिला.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर नाव, पत्ता, सनद, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र अशी ठरावीकच माहिती देण्याची मुभा मिळाली. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार या दाव्यांची सुनावणी बंद दालनात होते आणि त्यातील मजकूर प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. नावे गाळली, तरी "सासूबाईंनी कपाटाची किल्ली काढून घेतली" हे वाक्य ज्या बाईने परवा माझ्यासमोर रडत उच्चारले, ती ते रीलमध्ये लगेच ओळखेल. तिच्या नवऱ्याच्या फोनवर ते पोहोचले, तर उद्याची समेटाची बैठकही बिघडेल, आणि ही भीती मला नियमापेक्षाही मोठी वाटते.

त्याऐवजी ऑफिसात ठेवण्यासाठी एक पानी माहितीपत्रक लिहायला घेतले आहे. संमतीने घटस्फोटासाठी किमान एक वर्ष वेगळे राहणे आवश्यक असते, अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे योग्य प्रकरणात न्यायालय ही मुदत माफ करू शकते, हे त्यात सोप्या मराठीत असेल. मसुदा ज्युनिअरच लिहीत आहे.