तुम्ही विचारलंत म्हणून: मोकळी फिरते, भरलेली अडकते

“साहेब, मोकळी चालवली की मोटर मस्त फिरते, पण एलेव्हेटर भरलेला असला की मधेच अडकून नुसती गुरगुरत बसते. असं का होतं?”

थांबलेल्या मोटरला पूर्ण गती गाठायची असेल, तर वाटेतल्या प्रत्येक गतीला तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लोडच्या टॉर्कपेक्षा जास्त असावा लागतो. कुठल्याही एका गतीला तो कमी पडला, तर मोटर तिथेच थबकते. त्यापुढच्या गतीला तिच्यात दुप्पट ताकद असली तरी ती ताकद वापरण्याची वेळच येत नाही. वाटेत जिथे मोटरचा टॉर्क सर्वांत कमी असतो, त्या किमान टॉर्कला पुल-अप टॉर्क म्हणतात, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच दडलेले असते.

हिंगणा एमआयडीसीत मी अनेक वर्षे मोटरींच्या देखभालीचे काम केले आहे. त्यातले नागपूरच्याच एका डाळ मिलमधले प्रकरण येथे सविस्तर सांगतो, कारण त्यात मोटरच्या गती आणि टॉर्कच्या आलेखाचा प्रत्येक भाग प्रत्यक्ष पाहायला मिळाला. तुरीच्या बकेट एलेव्हेटरवर दहा एचपीची, चार पोलची, १४४० आरपीएमची मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालत असे, म्हणजे आधी कमी व्होल्टेजच्या स्टार जोडणीत सुरू होऊन काही सेकंदांनी टायमरने पूर्ण व्होल्टेजच्या डेल्टा जोडणीत जात असे. ती जळाली, रिवाइंड होऊन आली, आणि तेव्हापासून वीज जाऊन परत आली, म्हणजे बकेटा भरलेल्या असताना मोटर सुरू करण्याची वेळ आली, की ती थोडीशी फिरून अडकू लागली. एलेव्हेटर रिकामा असला की मात्र काहीही तक्रार नसे. रिवाइंडिंगच्या दुकानात तीनदा तपासणी झाली आणि तिन्ही वेळा मोटर मोकळी चालवून “एकदम ठीक आहे” असा निर्वाळा मिळाला. त्या निर्वाळ्यात खोटेपणा नव्हता. मोकळ्या मोटरला बेअरिंग आणि पंख्यापुरताच टॉर्क लागतो, त्यामुळे वाटेतला टॉर्कचा खळगा कितीही खोल असला तरी ती तो सहज ओलांडते. या तपासणीत हा दोष दिसणे शक्यच नव्हते.

मोटरचा पूर्ण लोडचा टॉर्क काढायला ९५५० ला किलोवॅटने गुणून आरपीएमने भागतात. येथे साडेसात किलोवॅट आणि १४४० आरपीएम, म्हणजे जवळपास ५० न्यूटन-मीटर. कॅटलॉगप्रमाणे तिचा सुरुवातीचा टॉर्क याच्या २.२ पट, म्हणजे ११०, आणि ब्रेकडाउन टॉर्क, म्हणजे ती देऊ शकते तो जास्तीत जास्त टॉर्क, अडीच पट, म्हणजे १२५ होता. पुल-अप टॉर्कचा आकडा दिलेलाच नव्हता. अनेक कॅटलॉगांत तो नसतो, आणि माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण भरलेले यंत्र सुरू करणाऱ्याला नेमका तोच आकडा हवा असतो.

आता लोड किती होता ते पाहू. त्यासाठी मी टॅकोमीटर वापरला. भरलेला एलेव्हेटर डेल्टात नीट चालू असताना गती १४६५ आली. चार पोलच्या मोटरची सिंक्रोनस गती, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राची फिरण्याची गती, १५००. म्हणजे पूर्ण लोडला ती ६० फेऱ्यांनी मागे राहते आणि येथे ३५ फेऱ्यांनी मागे होती. या भागात टॉर्क आणि मागे राहणे जवळपास एकाच प्रमाणात वाढतात, म्हणून लोड ५० च्या पस्तीस-साठांश, म्हणजे सुमारे ३० न्यूटन-मीटर निघाला. व्होल्टेज पाटीवरच्या आकड्याएवढे आणि मोटर नेहमीइतकी तापलेली असेल, तरच हा हिशेब विश्वासार्ह असतो, एवढे लक्षात ठेवावे.

हे प्रमाण जिथे टिकते तोच आलेखाचा उजवीकडचा स्थिर पट्टा. या पट्ट्यात लोड वाढला की गती किंचित उतरते, गती उतरली की टॉर्क वाढतो, आणि मोटर नव्या लोडला बरोबर पेलते. या मोटरवर ६० न्यूटन-मीटर टाकले तर ती १४२५ च्या आसपास येऊन स्थिरावेल. गती आणखी उतरत गेली की या मोटरच्या बाबतीत साधारण १२०० ला ब्रेकडाउन टॉर्कचे शिखर येते. शिखराच्या डावीकडे गती उतरली की टॉर्कही उतरतो, त्यामुळे लोड स्थिर असेल तर मोटर सावरत नाही आणि सरळ उभी राहते. नियम असा की, ज्या बिंदूला लोडचा वक्र मोटरच्या वक्रापेक्षा अधिक चढता असतो तो बिंदू स्थिर असतो. म्हणूनच आपल्या नागपुरी कूलरचा पंखा रेग्युलेटरवर निम्म्या गतीनेही शांतपणे फिरत राहतो, कारण पंख्याचा लोड गतीच्या वर्गाने वाढतो. एलेव्हेटरचा लोड मात्र कुठल्याही गतीला जवळपास तेवढाच असतो.

स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला मिळणारे व्होल्टेज १.७३ पटीने कमी होते, आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे संपूर्ण वक्र एक-तृतीयांश उंचीवर येतो. म्हणजे सुरुवातीला ११० ऐवजी सुमारे ३७, शिखरावर १२५ ऐवजी सुमारे ४२. लोड ३० चा. दोन्ही आकडे ३० च्या वर असल्यामुळे कागदावर मोटर सुटायला हवी होती, आणि रिवाइंडिंगपूर्वी ती सुटतही होती. आता ती अडकत होती, याचा अर्थ ३७ आणि ४२ यांच्या मध्ये कुठेतरी वक्र ३० च्या खाली गेला होता.

कुठे, हे टॅकोमीटरनेच सांगितले. बकेटा भरलेल्या ठेवून स्टार्टर दाबला, काटा चढला आणि २२० च्या आसपास येऊन थांबला. क्लॅम्प मीटरवर करंट २८ अँपिअर होता आणि तो खाली यायचे नाव घेत नव्हता; आवाज जाड आणि एकसारखा. पंधरा सेकंदांनी टायमरने डेल्टा लावला, करंट एकदम ऐंशीच्या पुढे गेला आणि मोटर हिसका देऊन वर चढली, कारण डेल्टात तोच खळगा तिप्पट उंचीवर असतो. हा हिसका बसला की कधी ब्रेकर पडे, कधी पडत नसे. मालकांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून टायमर आठ सेकंदांवरून पंधरा सेकंदांवर नेला होता. त्याने नुकसानच झाले, कारण मोटर तिथे हळू चढत नव्हती, ती स्थिरावली होती. एवढ्या कमी गतीला रोटरला मिळणाऱ्या शक्तीपैकी जवळपास ८५ टक्के शक्ती रोटर तापवण्यातच जाते, त्यामुळे सात सेकंद जास्त थांबणे म्हणजे सात सेकंद जास्त तापणे, एवढाच त्याचा अर्थ होता.

२२० हा आकडा पाहिल्यावर मला रोग कळला. पाठ्यपुस्तकातल्या साध्या सूत्राने काढलेल्या वक्रात हा खळगा कधीच दिसत नाही, कारण त्या सूत्रात स्टेटरचे चुंबकीय क्षेत्र शुद्ध साइन लहरीचे धरलेले असते. प्रत्यक्षात कॉइली खाचांमध्ये बसतात, क्षेत्र पायऱ्यापायऱ्यांचे होते, आणि त्यात सात पट पोल असलेला एक छोटा अंश मिसळलेला असतो. तो मुख्य क्षेत्राच्याच दिशेने, पण त्याच्या एक-सप्तमांश गतीने फिरतो: १५०० भागिले ७, म्हणजे २१४ आरपीएम. मुख्य मोटरच्या पोटात जणू २१४ आरपीएमची दुसरी, लहान मोटर असते. त्या गतीपर्यंत ती रोटरला पुढे ढकलते, आणि ती गती ओलांडली की उलट मागे ओढते. म्हणून २१४ च्या अलीकडे वक्राला छोटा उंचवटा येतो आणि पलीकडे लगेच खळगा पडतो. उंचवट्यावरून खळग्यात उतरणारा तो उतार थेट शिखराच्या उजवीकडच्या उतारासारखाच असतो, त्यामुळे लोडची रेषा त्याला छेदते तो बिंदूही स्थिरच ठरतो. मोटर तिथे मुक्काम ठोकते ती यामुळे.

पण हा खळगा रिवाइंडिंगनंतरच एवढा खोल का झाला? मी मोटरचे बाजूचे झाकण उघडवले आणि एका कॉइलवर बोट ठेवून तिची दुसरी बाजू कोणत्या खाचेत जाते ते मोजले. खाचा ३६; कॉइल पहिल्या खाचेतून निघून दहाव्या खाचेत उतरत होती. मिलच्या जुन्या वहीत मात्र “दोन थर, पिच १-९” अशी नोंद होती. रिवाइंडिंग करणाऱ्याने बसवायला सोपे म्हणून दोन थरांऐवजी एक थर केला आणि त्याबरोबर पिच आपोआप पूर्ण, म्हणजे १-१०, झाली. मुख्य क्षेत्राला त्याने जेमतेम दीड टक्क्याचा फरक पडतो, म्हणून मोकळ्या तपासणीत काहीच जाणवत नाही. सात पट पोल असलेल्या त्या छोट्या अंशाला मात्र १-९ च्या पिचवर ०.३४ ने गुणावे लागते आणि १-१० वर पूर्ण १ ने, म्हणजे तो जवळपास तिप्पट होतो. आणि त्याचा टॉर्क वर्गाने वाढत असल्यामुळे मागे ओढण्याचे बळ ढोबळमानाने आठपट होते. पहिल्या वाइंडिंगच्या पिचला आणि थरांना हात लावू नये, असे मी रिवाइंडिंगवाल्यांना कळकळीने सांगत असतो ते याच कारणासाठी.

मोटर पुन्हा दोन थरांत, १-९ पिचने भरून घेतली. बकेटा काठोकाठ भरून चाचणी केली, तेव्हा काटा २२० वरून न थांबता पुढे गेला, स्टारमध्येच १३८० च्या आसपास स्थिरावला, आणि डेल्टा लागल्यावर फारसा हिसका न देता १४६५ ला आला. टायमर परत आठ सेकंदांवर आणला. मात्र सुरुवातीचे ३७ आणि लोडचे ३० यांत अंतर थोडेच आहे, आणि व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर ३७ चेही ३० होतात. मग मोटर खळग्यापर्यंतही पोहोचणार नाही, जागची हलणारच नाही. म्हणून पॅनेलवरच्या व्होल्टमीटरचा काटा ३९० च्या खाली असेल, तर भरलेला एलेव्हेटर सुरू करू नये, अशी सूचना मी स्टार्टरच्या दारावर खडूने लिहून आलो.