कंसात गेलेलं नाव

"काका, कन्यादान केलं नाहीत ते समजलं. पण लेकीच्या लग्नात, भरल्या हॉलमध्ये, बहिणीच्या जमिनीचं कशाला काढलंत?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो.

दादरच्या त्या हॉलमध्ये माझं भाषण सहा-सात मिनिटांचं होतं. पहिला भाग सगळ्यांना आवडला. लेकीला मी फ्यूज बदलायला शिकवलं, बाईक शिकवली, रात्रीच्या शेवटच्या लोकलने ती घरी आली तर "कुठे होतीस" याऐवजी "जेवलीस का" विचारलं. हे सगळं खरं आहे. तिथेच थांबलो असतो तर टाळ्या घेऊन खाली उतरलो असतो. पण ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

2014 चा मे महिना. तिची दहावीची परीक्षा झाली होती, म्हणून तिला गावी नेलं होतं. वडील मृत्युपत्र न करता गेले होते, आई त्याआधीच गेलेली. सातबाऱ्यावर वारस म्हणून ताई आणि मी, दोघांची नावं लागली होती. 38 गुंठे, काजू आणि थोडी आंब्याची कलमं. ताईचा हिस्सा अर्धा, 19 गुंठे. त्या दिवशी आम्ही तालुक्याला, ताईने तो हिस्सा माझ्यासाठी सोडल्याचं हक्कसोडपत्र नोंदवायला गेलो. दोनशे रुपयांचा मुद्रांक, दोन साक्षीदार, विनामोबदला. मजकुरात "स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय" हे शब्द होते. अधिकाऱ्यांनी ताईला विचारलं, "वाचलंत ना? मान्य आहे ना?" ताई माझ्याकडे बघून "हो" म्हणाली. फोटो झाला, अंगठा झाला. अंगठ्याची शाई पुसायला लेकीने आपला रुमाल पुढे केला.

बाहेर रसवंतीत बसलो असताना तिने विचारलं, "बाबा, आत्याला काय मिळालं?"

मी म्हणालो, "तिला काही नको होतं गं. माहेर राहिलं ना तिचं."

"म्हणजे सही केली नसती तर राहिलं नसतं?"

मी म्हणालो, "तुला हे करावं लागणार नाही. तू एकटीच आहेस."

हे वाक्य मी तिला धीर द्यायला बोललो होतो. पुढे कितीतरी वर्षं तेच मला टोचत राहिलं. एकुलत्या एका मुलीला सगळं द्यायला माझं काय जात होतं? वाटेकरीच नव्हता. जिथे मुलगी आणि मुलगा समोरासमोर उभे होते, म्हणजे ताई आणि मी, तिथे मी चारचौघांसारखाच वागलो. आणि माझी लेक तेव्हा रुमाल हातात घेऊन शेजारी उभी होती.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. म्हणतो, ताईनेच आधी विषय काढला होता. खरंच काढला होता. गावच्या घराचं छप्पर मी शाकारलं, वडिलांचं आजारपण मुंबईत माझ्याच घरी झालं. हेही खरं आहे. त्याला मी एवढंच विचारतो, वडील मृत्युपत्राविना गेले तर मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस, हे 1956 पासून कायद्यात आहे. मग ते तू ताईला एकदा तरी सांगितलंस का? "तुझा अर्धा हिस्सा आहे, घे" असं म्हणालास का? तिने "नको" म्हणायच्या आधीच तू वकिलाकडून मसुदा करून आणला होतास.

पुढे तलाठ्याने फेरफार घातला, नोटिशीची मुदत संपली, नोंद मंजूर झाली. सातबाऱ्यावर ताईच्या नावाला कंस झाला. नाव दिसतं, पण कंसात, म्हणजे हक्क उरलेला नाही. लग्नाच्या कामांत कागद चाळताना तो उतारा हाताशी आला, आणि लिहून ठेवलेलं भाषण मला वाचवेना. म्हणून बोललो. लेकीला म्हणालो, तुला मोकळं वाढवलं असं मी म्हणतो, पण ती सही करून घेताना मी तुला नेमकं उलटं शिकवलं.

नोंदवलेलं हक्कसोडपत्र मी एकटा जाऊन रद्द करू शकत नाही. 19 गुंठे ताईला परत द्यायचे तर बक्षीसपत्र करावं लागेल. शेतजमीन मुलीला बक्षीस देताना मुद्रांकात मोठी सवलत मिळते, बहिणीला ती नाही. बाजारमूल्यावर शुल्क भरावं लागेल. ते मी भरीन. मसुदा तयार आहे.

पण ताई पहिल्या रांगेत बसली होती. जेवणाच्या पंगतीत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दोन दिवसांनी फोन आला. म्हणाली, "तेव्हा सही मला न विचारता ठरवलीस. आता माफीपण मला न विचारता, तीनशे माणसांसमोर." 

लेक म्हणते, आत्याचं बरोबर आहे. मला अजून वाटतं, तिथे बोललो नसतो तर कधीच बोललो नसतो. बक्षीसपत्र ताईने स्वीकारल्याशिवाय होत नाही, आणि तिने अजून हो म्हटलेलं नाही.