पॅकेज 4.8 लाख, हातात 29 हजार: ब्रेकअप मागताना आलेला अनुभव

ऑफर लेटरवर एकच आकडा होता: सीटीसी 4,80,000 रुपये. टेस्ट, मुलाखत, कागदपत्रं सगळं पटापट झालं. पण महिन्याला हातात किती पडणार, या एका प्रश्नावर एचआरने मला जे झुलवलं त्याचा राग अजून गेलेला नाही. यंदा पास होणाऱ्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

माझं घर गोव्यात डिचोलीला, कंपनी वेर्ण्याला. मडगावात खोली बघायची होती आणि भाड्याचं गणित पगारावर अडलं होतं. घरात सगळ्यांनी बाराने भागून 40,000 धरले होते. पुण्यात नोकरीला असलेला माझा मावसभाऊ म्हणाला, "तीसच्या आत-बाहेर धर, आणि ब्रेकअप बघितल्याशिवाय सही करू नकोस."

मग फोन सुरू झाले. एचआरच्या मॅडम आधी म्हणाल्या, सीटीसी म्हणजे सगळं मिळून. सगळं म्हणजे काय विचारलं तर, जॉइन झाल्यावर पोर्टलवर दिसेल. पुन्हा विचारलं तर, ब्रेकअप कॉन्फिडेन्शियल असतो. माझाच पगार माझ्यापासून गुप्त कसा, हे काही त्यांनी सांगितलं नाही. इकडे सही करून पाठवायची मुदत जवळ येत होती आणि खोलीवाल्या काकी "घेतोस की नाही?" म्हणून विचारत होत्या.

शेवटी फोन सोडून मेल केला. त्यात "ब्रेकअप द्या" असं मोघम न लिहिता नेमकं विचारलं: महिन्याचं बेसिक किती? कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी सीटीसीच्या आत धरलीय का? व्हेरिएबल किती आणि कधी मिळतं? पगारातून आणखी काय कापता? हे लेखी कळलं की लगेच सही करतो, असंही लिहिलं. त्याच संध्याकाळी तक्ता आला! तो आधीपासून तयारच होता, याचाच जास्त संताप आला.

तक्त्यात बेसिक महिना 20,000 होतं. कंपनीचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे वर्षाचे 28,800. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, 11,544. आरोग्य विम्याचा हप्ता 7,656. व्हेरिएबल 48,000. हे सगळे मिळून 96,000 रुपये सीटीसीत मोजलेले, पण महिन्याच्या पगारात न येणारे. उरले 3,84,000, म्हणजे महिना 32,000. हा झाला ग्रॉस. त्यातून माझा स्वतःचा पीएफ 2,400 आणि कंपनीच्या बसचे 600 गेले की हातात 29,000.

लक्षात घ्या, पीएफ दोनदा जातो. कंपनीचा वाटा ग्रॉसच्या आधीच वजा झालेला असतो, म्हणून तो स्लिपवर कपातीत दिसत नाही. तिथे फक्त आपला दिसतो. पण हे पैसे बुडत नाहीत, दोन्ही वाटे आपल्याच खात्यात साठतात. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पुरी केल्याशिवाय ती मिळत नाही, त्यामुळे दोन-तीन वर्षांत कंपनी बदलणार असाल तर तो आकडा सीटीसीतून वजाच धरा.

सगळ्यात जपायचं ते व्हेरिएबल. आमच्याकडे ते वर्षाच्या शेवटी, कंपनीचा निकाल आणि आपलं रेटिंग बघून देतात, आणि त्या दिवशी नोकरीवर असाल तरच. दोन ऑफर हातात असतील तर सीटीसी बाजूला ठेवून ग्रॉसची तुलना करा. 4.5 लाखांची, पण व्हेरिएबल नसलेली ऑफर माझ्या या ऑफरपेक्षा दरमहा जास्त पैसे देऊ शकते.

आयकराची धास्ती एवढ्या पगाराला नको. 2025-26 पासून नव्या कररचनेत पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत कर लागत नाही, म्हणून माझा टीडीएस शून्य. मावसभावाचा मात्र पुण्यात प्रोफेशनल टॅक्स कापतात, महिना 200 आणि फेब्रुवारीत 300. माझ्या स्लिपवर तो नाही. तेव्हा महाराष्ट्रातल्या मित्राची स्लिप समोर ठेवून आपला हिशेब करू नका.

एक सांगायचं राहिलं. पहिला पगार झाल्यावर यूएएन चालू करून पीएफचं पासबुक उघडा. पहिलीच नोकरी आणि बेसिक 15,000 च्या वर असेल, तर 2014 च्या सप्टेंबरपासूनच्या नियमाने पेन्शन योजनेत नाव जात नाही. कंपनीचा पूर्ण वाटा पीएफमध्येच यायला हवा. माझ्या पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य आहे आणि दोन्ही वाटे मिळून दरमहा 4,800 जमा होतात. तुमच्या पेन्शनच्या रकान्यात 1,250 दिसले तर लगेच एचआरला मेल टाका, कारण ती दुरुस्ती जेवढी उशिरा कराल तेवढी किचकट होत जाते.